बीएल आणि कस्टम्स डिक्लेरेशनचं भाषांतर: कन्सायनी 'सुधारायचा' नसतो आणि बोल्टचा स्क्रू करायचा नसतो

लोकांना वाटतं की बिल ऑफ लेडिंगचं, म्हणजे बीएलचं, भाषांतर म्हणजे सोपं काम, कारण त्यात वाक्यंच नसतात, नुसते रकाने आणि आकडे. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. पण गोष्टीच्या पुस्तकात एक शब्द चुकला तर फार तर वाचक हसतो, इथे एक शब्द चुकला तर कंटेनर बंदरात पडून राहतो, बँक पैसे अडवते आणि मग सगळे एकमेकांना फोन करत बसतात, ज्यातला शेवटचा फोन भाषांतर करणाऱ्याला येतो. म्हणून एकच शिपमेंट घेऊन सांगतो, स्पॅनिशमधून इंग्रजीत केलेली. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी गोल केलेत, बाकी अडचणी अगदी रोजच्या आहेत.

माल होता स्टीलचे बोल्ट. विकणारा स्पेनमधला, घेणारा मेक्सिकोमधला, म्हणजे दोघांची भाषा एकच, पण पैसे लेटर ऑफ क्रेडिटवर होते, म्हणजे कागद बरोबर असले तर पैसे देऊ अशा बँकेच्या हमीवर, आणि मधली बँक नि विमा कंपनी दोघांना इंग्रजी हवं होतं. माझ्याकडे दोन कागद आले. एक एक्स्पोर्टचं कस्टम्स डिक्लेरेशन, जे विकणारा आपल्या देशाच्या कस्टम्सला देतो की मी अमुक माल, इतक्या वजनाचा, इतक्या किमतीचा, अमक्याला पाठवतोय. दुसरा बीएल, जो शिपिंग लाइन देते. बीएल एकाच वेळी तीन कामं करतो. माल मिळाल्याची पावती, वाहतुकीच्या कराराचा पुरावा, आणि तो ऑर्डरवर काढलेला असेल तर मालावरच्या हक्काचा कागद, म्हणजे ज्याच्या हातात ओरिजिनल आणि मागे योग्य सही, त्याला माल. हे तिसरं काम डोक्यात ठेवा, कारण कन्सायनीचा, म्हणजे माल ज्याच्या नावे पाठवलाय त्याचा, रकाना इतका नाजूक का आहे ते त्यातूनच कळतं.

आता पहिला गोंधळ रकान्याच्या नावातच. डिक्लेरेशनवर माल घेणाऱ्यासाठी शब्द होता 'देस्तिनातारियो'. आणखी एका रकान्यात होतं 'कॉन्सिग्नातारियो'. इंग्रजी कन्सायनीच्या इतकं जवळचं वाटतं की हात आपोआप तेच टाइप करतो. पण स्पेनमध्ये 'कॉन्सिग्नातारियो दे बुकेस' म्हणजे जहाजाचा एजंट, बंदरात जहाजाची कामं बघणारी कंपनी, आणि बऱ्याचदा नुसतं 'कॉन्सिग्नातारियो' लिहूनही तोच म्हणायचा असतो. दुसरीकडे कित्येक बीएलवर हाच शब्द खऱ्या कन्सायनीसाठी छापलेला असतो. मग ओळखायचं कसं? रकान्यात कोण बसलंय ते बघायचं. तिथे बंदराच्या गावातली शिपिंग एजन्सी असेल तर तो एजंट, परदेशातला खरेदीदार किंवा बँक असेल तर कन्सायनी. शब्दावरून नाही, आत लिहिलेल्या नावावरून ठरवायचं. ही चूक झाली की इंग्रजी कागदावर जहाजाचा एजंट मालाचा घेणारा होऊन बसतो आणि बँकेतला माणूस विचारतो की हे कोण नवीन.

दुसरी गोष्ट यापेक्षा फसवी. डिक्लेरेशनवर माल घेणारा म्हणून मेक्सिकोच्या खरेदीदार कंपनीचं नाव होतं. बीएलवर कन्सायनीच्या रकान्यात होतं 'टू ऑर्डर ऑफ' आणि पुढे बँकेचं नाव, आणि खरेदीदार खाली नोटिफाय पार्टीमध्ये. नवीन माणूस बघतो, म्हणतो दोन कागदांवर दोन वेगळी नावं, काहीतरी चुकलंय, आणि एकाला दुसऱ्यासारखं करून टाकतो. अजिबात करू नका. दोन्ही बरोबर आहेत. कस्टम्सला जाणून घ्यायचंय की माल शेवटी कुणाकडे जातोय. बीएलला सांगायचंय की हक्क कुणाच्या हातात आहे, आणि पैसे मिळेपर्यंत बँकेला तो स्वतःकडे ठेवायचाय म्हणून तिचं नाव. नोटिफाय पार्टी म्हणजे जहाज आलं की ज्याला कळवायचं तो, एवढंच, त्याला नुसत्या तेवढ्यावर माल मिळत नाही.

आणि 'टू ऑर्डर ऑफ' हे तीन शब्द म्हणजे शोभेचे नाहीत. ते काढून नुसतं बँकेचं नाव ठेवलं तर तो स्ट्रेट बीएल होतो, म्हणजे नाव असलेल्यालाच माल, मागे सही करून पुढे देता येत नाही. नुसतं 'टू ऑर्डर' असेल, पुढे कुणाचंच नाव नसेल, तर सही करायचा हक्क शिपरचा, म्हणजे माल पाठवणाऱ्याचा. स्पॅनिशमध्ये 'आ ला ऑर्देन दे' असतं, त्याचं कुणी 'यांच्या सूचनेनुसार' असं साधं गुळगुळीत भाषांतर केलं तर कायद्याचा अर्थच उडतो. प्रत्येक भाषेत यासाठी ठरलेला शब्द असतो, तोच वापरायचा, छान वाटणारा दुसरा शोधायचा नाही.

आता नाव आणि पत्ता. नियम सोपा, पाळायला अवघड: जी गोष्ट कुणीतरी कुठेतरी टाइप करून शोधणार आहे ती भाषांतरित करायची नाही. कंपनीच्या नावात 'उत्तरेची अवजारं' असा अर्थ होणारे स्पॅनिश शब्द असले तरी ते नाव आहे, ते तसंच्या तसं. मेक्सिकोच्या कंपनीच्या शेवटी 'एस. ए. दे सी. व्ही.' असतं, त्याचं लिमिटेड करायचं नाही, कारण लिमिटेड नावाची ती कंपनी कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही. पत्त्यात 'काये' म्हणजे रस्ता हे आपल्याला माहीत आहे म्हणून स्ट्रीट लिहायचा मोह होतो, पण ट्रकवाला त्या गावात जाऊन पाटी वाचणार आहे आणि पाटीवर काये आहे. फक्त देशाचं नाव इंग्रजी रूपात लिहायला हरकत नाही, ते सगळे करतात.

पत्त्यातले दोन सापळे सांगतो. स्पॅनिश पत्त्यात `s/n` लिहिलेलं असतं, म्हणजे घराला नंबर नाही. इंग्रजीत हीच अक्षरं सीरियल नंबरसाठी वापरतात, आणि मी स्वतः एका कागदावर पाहिलंय की पत्त्यात 'सीरियल नंबर' असं लिहून पुढे जागा रिकामी ठेवली होती, बहुतेक भाषांतर करणारा नंबर शोधत बसला असेल बिचारा. दुसरा सापळा 'नावे ४'. स्पॅनिशमध्ये नावे म्हणजे जहाज, आणि नावे म्हणजेच औद्योगिक वसाहतीतली मोठी शेड, गाळा. शिपरच्या पत्त्यात होतं की अमुक वसाहत, नावे ४. आता कागद जहाजाचा, सगळीकडे जहाजाचाच विषय, तर डोकं तिकडेच जातं. माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये शिपर जहाज क्रमांक चारवर राहत होता. नशीब, मी दुसऱ्या दिवशी परत वाचलं.

पत्ता अक्षर न् अक्षर का जपायचा याला बँकेच्या बाजूने नियमही आहे. लेटर ऑफ क्रेडिटचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, यूसीपी ६००, १ जुलै २००७ पासून लागू, त्यात कलम १४ म्हणतं की विकणारा आणि खरेदीदार यांचे पत्ते वेगवेगळ्या कागदांवर थोडे वेगळे असले तरी चालतील, देश तोच हवा, आणि फोन वगैरे बघितले जाणार नाहीत. ऐकायला किती मोकळं वाटतं. पण लगेच पुढे अपवाद आहे: खरेदीदाराचा पत्ता आणि संपर्क जर वाहतुकीच्या कागदावर कन्सायनी किंवा नोटिफाय पार्टी म्हणून आला, तर तो क्रेडिटमध्ये लिहिलाय तसाच हवा. म्हणजे सवलत सगळीकडे आहे आणि नेमकी याच दोन रकान्यांत नाही. आपल्या शिपमेंटमध्ये खरेदीदार नोटिफाय पार्टीमध्येच होता.

टायपोचं काय, असं विचारतात. बँकांची जी तपासणीची पद्धत आहे त्यात अर्थ न बदलणारी स्पेलिंगची चूक चालते, पण मॉडेल १२३ च्या जागी ३२१ झालं तर ती टायपो धरत नाहीत, कारण तो दुसरा मालही असू शकतो. म्हणजे अक्षरात थोडी दया आहे, आकड्यात नाही.

मालाच्या वर्णनाकडे येतो, माझ्या मते खरी कसोटी तीच. डिक्लेरेशनवर होतं, हेक्स डोक्याचे 'तोर्निय्योस', झिंक चढवलेलं स्टील, एम १०. तोर्निय्यो या शब्दात स्पॅनिश माणूस स्क्रू आणि बोल्ट दोन्ही कोंबतो. इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत, आणि डिक्शनरी उघडली तर पहिला अर्थ स्क्रू. मग काय लिहायचं? इथे डिक्शनरी बंद करून एचएस कोड बघायचा. एचएस म्हणजे मालाच्या वर्गीकरणाची जागतिक यादी, वर्ल्ड कस्टम्स ऑर्गनायझेशनची, १ जानेवारी १९८८ पासून लागू, आणि तिचे पहिले सहा आकडे ती वापरणाऱ्या सगळ्या देशांत सारखे. भाषा कुठलीही असो, आकडा तोच, म्हणून भाषांतर करणाऱ्याला याहून चांगला दोस्त नाही. या कागदावर कोड होता `7318.15`. यादीत त्याचं वर्णन आहे 'इतर स्क्रू आणि बोल्ट, नट किंवा वॉशरसह असोत वा नसोत'. इतर म्हणजे कशाच्या इतर? त्याच्या आधी `7318.12` मध्ये लाकडात बसवायचे स्क्रू आहेत, `7318.14` मध्ये सेल्फ-टॅपिंग. म्हणजे आपला माल यातला नाही, मशिनी प्रकारचा आहे. स्क्रू आणि बोल्ट एकाच कोडमध्ये असल्यामुळे कोड एकटा निकाल देत नाही, पण लाकडात बसवायचे नाहीत हे पक्कं सांगतो. मग इन्व्हॉइस मागितलं, त्यात इंग्रजीत हेक्सागॉन बोल्ट होतं आणि लेटर ऑफ क्रेडिटमध्येही तेच. विषय संपला, बोल्ट.

म्हणजे क्रम असा होतो की आधी कोडने हद्द ठरते, मग इन्व्हॉइस आणि क्रेडिटमधला शब्द त्या हद्दीत बसतो का बघायचं, आणि बसत असेल तर तोच घ्यायचा. आपल्या मनाचा तिसरा शब्द आणायचा नाही, भले तो जास्त सुंदर असो. यूसीपीनुसार इन्व्हॉइसमधलं मालाचं वर्णन क्रेडिटशी जुळायला हवं, बाकी कागदांवर ते मोघम असलं तरी चालतं, फक्त विरोधात जायला नको. पण ही मोघमपणाची सूट कागद तयार करणाऱ्याची आहे, भाषांतर करणाऱ्याची नाही. मूळ कागद 'हेक्स डोक्याचे, झिंक चढवलेले, एम १०' म्हणत असेल तर इंग्रजीत नुसतं 'हार्डवेअर' लिहिणं म्हणजे माहिती गाळणं.

झिंकचं मात्र सांगायलाच हवं. झिंक चढवलेलं स्टील म्हणजे साध्या स्टीलवर झिंकचा थर. एकाने याचं भाषांतर 'गंज न चढणारं स्टील' असं समजून स्टेनलेस केलेलं मी पाहिलंय. अर्थाच्या अंगाने पाहिलं तर त्याचं लॉजिक कळतं, दोन्हीही गंजू नयेत म्हणूनच असतात. पण स्टेनलेस हे वेगळ्याच प्रकारचं स्टील आहे आणि कस्टम्सला त्याचा फरक पैशात दिसतो. युरोपियन युनियनने २०२२ मध्ये चीनमधून येणाऱ्या काही लोखंडी आणि स्टीलच्या फास्टनर्सवर अँटी-डम्पिंग ड्युटी लावली, त्यात स्पष्ट लिहिलंय की स्टेनलेस सोडून. विचार करा, अशा मालाच्या कागदावर भाषांतरात एक शब्द इकडचा तिकडे झाला तर ड्युटी लागणारा माल ड्युटी न लागणारा दिसायला लागतो, आणि कस्टम्सच्या भाषेत याला टायपो म्हणत नाहीत. आपला माल त्या वाटेचा नव्हता, पण सवय सगळ्या मालाला सारखीच ठेवायची.

आता मोजणी. डिक्लेरेशनवर होतं '१८ बुल्तोस', बीएलवर होतं '१८ पॅलेट, आत ७२० कार्टन असल्याचं सांगितलं आहे'. बुल्तो म्हणजे कुठलंही पॅकेज, गठ्ठा, नग. इथे कस्टम्सच्या कागदाने पॅलेट मोजलेत, बीएलने पॅलेटही आणि आतले कार्टनही. एका पॅलेटवर ४० कार्टन, अठरा चोक बहात्तर, ७२० बरोबर. म्हणून डिक्लेरेशनच्या भाषांतरात '१८ पॅकेजेस' लिहिलं, पॅलेट नाही, कारण तिथे मूळ शब्दच मोघम होता, आणि बीएलमध्ये दोन्ही आकडे ठेवले. जागा कमी म्हणून कार्टनचा आकडा गाळावासा वाटतो पण तो तिथे फुकट नाही बसलेला. समुद्रातल्या मालवाहतुकीचे हेग-विस्बी नियम जिथे लागू असतात तिथे माल हरवला तर शिपिंग लाइनची जास्तीत जास्त जबाबदारी पॅकेजमागे ६६६.६७ एसडीआर किंवा किलोमागे २ एसडीआर, यातलं जे जास्त ते, अशी असते (एसडीआर म्हणजे नाणेनिधीचं हिशेबाचं एकक). आणि पॅकेज किती, तर बीएलवर जितके मोजून लिहिलेत तितके. नुसते १८ पॅलेट लिहिले तर पॅकेजच्या हिशेबाने १२,००० एसडीआर, १८,३६० किलो वजनाच्या हिशेबाने ३६,७२०, म्हणजे मर्यादा ३६,७२०. ७२० कार्टन लिहिले असतील तर ती ४,८०,००० च्या पुढे जाते. भरपाई नुकसानाएवढीच मिळणार हे खरंच, आणि मूळ कागदच शेवटी चालतो हेही खरं, पण विमा कंपनीतला माणूस माझं इंग्रजी वाचून क्लेम लिहिणार आहे, मूळ स्पॅनिश तो उघडणारही नाही.

'असल्याचं सांगितलं आहे' हा भागही तसाच. इंग्रजीत 'सेड टू कंटेन'. याचा अर्थ शिपिंग लाइन म्हणतेय की आत काय आहे ते शिपरने सांगितलं, आम्ही कंटेनर उघडून मोजलं नाही. भाषांतरात वाक्य नीट करण्याच्या नादात 'यात ७२० कार्टन आहेत' असं केलं की जे लाइनने कधी म्हटलंच नाही ते तिच्या तोंडी घातलं जातं.

आणि आकड्यातली टिंबं, ज्यांनी मला सगळ्यात जास्त रडवलंय. डिक्लेरेशनवर ग्रॉस वेट `18.360` किलो. स्पेनमध्ये टिंब हजारासाठी असतं आणि दशांशाला स्वल्पविराम, म्हणजे हे अठरा हजार तीनशे साठ. इंग्रजी वाचणाऱ्याला तेच अठरा किलो आणि वर थोडे ग्रॅम. त्यात मजा म्हणजे मेक्सिकोमध्ये स्पॅनिशच आहे पण टिंब दशांशाचं, म्हणून 'भाषा स्पॅनिश आहे तर टिंब हजाराचं' असा नियम बांधता येत नाही, कागद कुठल्या देशात बनला ते बघावं लागतं. शिवाय बीएलवर वजन बऱ्याचदा तीन दशांशांपर्यंत छापतात, म्हणजे `18,360.000`, त्यामुळे टिंब नि स्वल्पविराम दोन्ही हजर. खात्री करायची पद्धत एकच, आकडा एकटा वाचायचा नाही. एक कार्टन भरलेला २५ किलो, ७२० कार्टनचे १८,००० किलो, १८ पॅलेट प्रत्येकी २० किलोचे म्हणजे ३६० किलो, झाले १८,३६०. गणित जुळलं की टिंब कशाचं ते आपोआप कळतं. नेट वेट १७,६४० होतं, म्हणजे कार्टनमागे २४.५ किलो बोल्ट आणि अर्धा किलो पुठ्ठा, पटण्यासारखं.

मराठीत भाषांतर करायची वेळ आली तर एक वेगळीच गंमत होते. आपला ४ घाईत इंग्रजी आठ वाटतो, आपला १ नऊसारखा दिसतो. म्हणून कंटेनर नंबर, सील नंबर, एचएस कोड, बीएल नंबर हे मराठी कागदातही इंग्रजी आकड्यांतच ठेवायचे, मूळ कागदावर जसे तसे. कंटेनर नंबर तर स्वतःच स्वतःची परीक्षा घेतो. चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटचा सातवा आकडा तपासणीचा. उदाहरणाला नेहमी दिला जाणारा नंबर `CSQU3054383` घ्या. प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत आहे, मग पहिल्या जागेला १ ने, दुसरीला २ ने, तिसरीला ४ ने असं दरवेळी दुप्पट करत गुणायचं, बेरीज ११ ने भागायची आणि उरलेली बाकी म्हणजे शेवटचा आकडा. या नंबरची बेरीज ६१८५ येते, ११ ने भागून बाकी ३, आणि शेवटी ३ आहे. हातानं कुणी करत नाही, नेटवर कॅल्क्युलेटर मिळतात, पण टाइप करताना एक आकडा चुकला तर हा हिशेब बहुतेक वेळा लगेच बोंब मारतो. सीलच्या नंबराला असलं काही नसतं, तो दोघांनी मिळून वाचायचा, एकाने मोठ्याने म्हणायचं आणि दुसऱ्याने बोट ठेवायचं.

शिक्के आणि सह्या भाषांतरात काढायच्या नाहीत, कंसात 'शिक्का', 'सही' लिहून शिक्क्यात काय आहे ते द्यायचं, आणि वाचता येत नसेल तर 'अवाच्य' लिहायचं. अंदाज लिहायचा नाही. एवढं पुरे त्याबद्दल.

मग मूळ कागदच चुकला असेल तर? या शिपमेंटमध्ये तेच निघालं. नोटिफाय पार्टीच्या पत्त्यातला पिन कोड बीएलवर आणि क्रेडिटमध्ये वेगळा होता, शेवटचे दोन आकडे उलटे. मला माहीत होतं कुठला बरोबर आहे, कारण डिक्लेरेशन, इन्व्हॉइस आणि क्रेडिट तिघं एक सांगत होते. तरी भाषांतरात मी बीएलवरचा चुकीचाच लिहिला, आणि खाली टीप टाकली की मूळ कागदावर असंच आहे, इतर कागदांशी जुळत नाही. क्लायंट चिडला, म्हणाला तुम्हाला कळलंय तर दुरुस्त का नाही करत. मी म्हटलं साहेब, मी दुरुस्त केलं तर माझं इंग्रजी बरोबर होईल, ओरिजिनल चूकच राहील, बँक दोन्ही शेजारी ठेवेल आणि मग फक्त पिन कोडवर नाही तर अख्ख्या भाषांतरावर शंका येईल. दुरुस्ती शिपिंग लाइनच करू शकते. शेवटी शिपरसाठी वाहतुकीची व्यवस्था बघणाऱ्या फॉरवर्डरने लाइनकडे अर्ज केला, बीएलचे तिन्ही ओरिजिनल परत दिले, नवीन तीन निघाले, आणि मी भाषांतराची ती एक ओळ बदलून, टीप काढून, नवीन तारीख टाकून दिली.